वीस, सव्वासहा की बारा? एसआयपीचा परतावा मोजताना

प्रश्न: जून २०२२ पासून दर महिन्याच्या ५ तारखेला ५,००० रुपयांची एसआयपी आहे. ३६ हप्ते झाले, १,८०,००० भरले. ५ जून २०२५ ला किंमत २,१६,००० होती. ज्यांच्यामार्फत सुरू केली ते म्हणतात, २० टक्के मिळाले. ॲपवर XIRR १२.२ दिसतो. मी स्वतः तीन वर्षांचा CAGR काढला तर ६.२७ आला. बँकेची एफडी ७ टक्के देते. खरा आकडा कोणता? आणि एसआयपी बंद करून पैसे एफडीत टाकू का?

उत्तर:

गणित म्हणून तिन्ही आकडे बरोबर आहेत. तुमची बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही, तुमचे वितरक खोटं बोलत नाहीत आणि ॲपही नाही. पण एफडीच्या ७ टक्क्यांशेजारी मांडता येईल असा त्यातला एकच आहे, तो म्हणजे १२.२. तुम्ही ६.२७ मांडलात, म्हणून एफडी वरचढ वाटली. मी सतरा वर्षं म्युच्युअल फंड वितरणाचं काम करतो आणि चांगली चाललेली एसआयपी नेमक्या याच तुलनेवरून मोडलेली अनेकदा पाहिली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी २० टक्के. याला ॲब्सोल्यूट रिटर्न म्हणतात: भरले १,८०,०००, वाढले ३६,०००, भागिले, वीस टक्के. यात काळ कुठेच नाही. हे वीस टक्के तीन महिन्यांत मिळाले की तेरा वर्षांत, हे त्या आकड्याला माहीतच नसतं. आपल्याकडे गावात व्याजाने पैसे देणारा माणूससुद्धा असं बोलत नाही. तो ‘शेकडा दोन’ म्हणतो आणि त्यात ‘दर महिन्याला’ हे दोघांनीही धरलेलं असतं. काळ सोडून सांगितलेला परतावा म्हणजे ‘पुण्याहून निघालो आणि दीडशे किलोमीटर आलो’ असं सांगण्यासारखं आहे. गाडी किती वेगात होती ते त्यावरून कळत नाही.

तो वेग काढण्यासाठी सीएजीआर आहे, म्हणजे चक्रवाढ वार्षिक वाढीचा दर. एक लाख एकदाच टाकले आणि चार वर्षांनी १,४०,००० झाले, तर ॲब्सोल्यूट रिटर्न ४० टक्के. सीएजीआर विचारतो, दर वर्षी एकाच दराने चक्रवाढ झाली असती तर तो दर किती? १.४ चं चौथं मूळ काढा, उत्तर ८.७८ टक्के. हेच ४० टक्के दोन वर्षांत मिळाले असते तर सीएजीआर १८.३ आला असता. पैसे एकदाच घातले आणि मधे काही घातलं-काढलं नाही, तर हा आकडा चोख आहे. फंडांच्या माहितीपत्रकात एका वर्षापेक्षा जास्त काळाची कामगिरी सीएजीआरमध्येच दिलेली असते, आणि ते योग्यही आहे, कारण तिथे एका युनिटची पहिल्या दिवशीची आणि शेवटच्या दिवशीची किंमत एवढंच मोजायचं असतं.

तुमची गोष्ट तशी नाही. सीएजीआरच्या सूत्राला फक्त तीन गोष्टी कळतात: सुरुवातीची रक्कम, शेवटची रक्कम आणि वर्षं. तुम्ही त्याला १,८०,०००, २,१६,००० आणि ३ असं दिलंत. त्याने असा समज करून घेतला की ५ जून २०२२ लाच तुम्ही एक लाख ऐंशी हजार एकरकमी घातले होते. प्रत्यक्षात त्या दिवशी तुमचे फक्त पाच हजार कामाला लागले होते. ते पाच हजार छत्तीस महिने राबले, पुढचे पस्तीस महिने, आणि ५ मे २०२५ ला भरलेले पाच हजार तर जेमतेम एक महिना. सरासरी काढली तर तुमचा प्रत्येक रुपया साडेअठरा महिने गुंतलेला होता, म्हणजे साधारण दीड वर्ष. तीन वर्षं नव्हे. वीस टक्के वाढ दीड वर्षात होणं आणि तीन वर्षांत होणं यातला जो फरक, तोच बारा आणि सहा यांतला फरक आहे.

हे पटत नसेल तर शेअर बाजार बाजूला ठेवा आणि पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीकडे बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा दर ६.७ टक्के झाला, चक्रवाढ तिमाही. महिना ५,००० भरलेत तर पाच वर्षांत ३,००,००० भरून मुदतीअंती सुमारे ३,५६,८०० मिळतात. आता तुमच्याच पद्धतीने मोजा. ॲब्सोल्यूट रिटर्न १८.९ टक्के. पाच वर्षांचा सीएजीआर ३.५ टक्के. पोस्टाने ६.७ सांगून साडेतीन दिले का? नाही. हिशेबाची पद्धत चुकली. हेच साठ हप्ते त्यांच्या तारखांसह एक्सआयआरआरमध्ये, म्हणजे तुमच्या ॲपवरच्या XIRR मध्ये, घातले तर उत्तर ६.८७ येतं. ६.७ ऐवजी ६.८७ का, तर ६.७ टक्के तिमाही चक्रवाढीने वर्षाला ६.८७ होतात, म्हणून. आधीच दर माहीत असलेल्या गोष्टीवर हे माप लावून पाहिलं आणि त्याने तोच दर परत दिला, म्हणून माझा त्यावर विश्वास बसला. आजही कोणाला समजावायचं असेल तर मी आरडीचं पासबुकच काढायला सांगतो.

आता एक्सआयआरआर नेमकं काय करतो. तो एकच प्रश्न विचारतो: असा कोणता वार्षिक दर आहे की प्रत्येक हप्त्याला त्याच्या भरल्याच्या तारखेपासून आजपर्यंत त्या दराने चक्रवाढ दिली, तर सगळ्यांची बेरीज बरोबर आजच्या किमतीएवढी होईल? तो दर सूत्रात आकडे टाकून थेट निघत नाही. अंदाज घ्यायचा, बेरीज बघायची, दर कमी-जास्त करायचा. संगणकही तेच करतो, फक्त डोळ्याचं पातं लवायच्या आत.

दोन हप्त्यांवर हाताने करून बघू. १ एप्रिल २०२० ला एक लाख, १ एप्रिल २०२२ ला आणखी एक लाख, आणि १ एप्रिल २०२४ ला किंमत २,८०,०००. पहिल्या लाखाला चार वर्षं मिळाली, दुसऱ्याला दोन. दहा टक्के धरा: पहिल्याचे १,४६,४१० आणि दुसऱ्याचे १,२१,०००, मिळून २,६७,४१०. कमी पडले, म्हणजे दर दहापेक्षा जास्त आहे. बारा धरा: १,५७,३५२ आणि १,२५,४४०, मिळून २,८२,७९२. जरा जास्त झाले. ११.६ धरा: १,५५,११६ आणि १,२४,५४६, मिळून २,७९,६६२. इथे थांबायला हरकत नाही, उत्तर ११.६ आणि ११.७ च्या मधे आहे. एकूण परतावा इथे चाळीस टक्के. सगळे पैसे चार वर्षं होते असं धरलं तर सीएजीआर ८.७८, सगळे दोनच वर्षं होते असं धरलं तर १८.३. खरं उत्तर या दोन चुकीच्या उत्तरांच्या मधे आहे आणि ते शोधायला तारखा लागतातच.

हेच एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये असं होतं:

```
     A            B
1  2020-04-01   -100000
2  2022-04-01   -100000
3  2024-04-01    280000

=XIRR(B1:B3, A1:A3)
```

खिशातून गेलेले पैसे वजा, खिशात आलेले अधिक. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजची किंमत, जणू आजच सगळं विकलं. तुमच्यासाठी छत्तीस वजा ओळी आणि सदतिसावी अधिक २,१६,०००. उत्तर १२.२ च्या आसपास यायला हवं. नाही आलं, तर चूक शोधायला एक झटपट ताळा आहे: वीस टक्के वाढ साडेअठरा महिन्यांत झाली असं धरून सीएजीआर काढा. तो साडेबारा येतो. ताळा आणि शीट यांत टक्का-अर्धा टक्का फरक ठीक आहे, पण शीटवर २२ दिसत असेल तर काहीतरी बिघडलंय.

बहुतेक वेळा तारखा बिघडलेल्या असतात. हा फटका मी स्वतः खाल्लेला आहे. एका ग्राहकाने १० जानेवारी २०२३ ला एक लाख घातले होते, १० जानेवारी २०२५ ला त्याचे १,३०,००० झाले होते. मी शीटमध्ये 10/01/2023 असं टंकलं. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची होती. त्याने ती १ ऑक्टोबर २०२३ समजली. शेवटच्या ओळीत तारीख आपोआप यावी म्हणून मी `TODAY()` लिहिलं होतं, ती मात्र बरोबर राहिली. दोन वर्षांचा काळ पंधरा महिन्यांवर आला आणि १४ टक्क्यांच्या जागी २२.८ टक्के दिसले. मी ते कौतुकाने सांगितलंही. आठवड्याने दुसऱ्याच कामासाठी शीट उघडली तेव्हा लक्षात आलं, आणि फोन करून दुरुस्ती सांगताना जी फजिती झाली ती झाली. गंमत अशी की १२ पर्यंतचेच दिवस असे गुपचूप उलटतात. तारीख १५ असती तर पंधरावा महिना नसतो म्हणून शीटने तिला मजकूर समजून `#VALUE!` दाखवलं असतं आणि मी सावध झालो असतो. तुमचा हप्ता पाच तारखेचा आहे, म्हणजे तुम्ही बरोबर या धोक्याच्या पट्ट्यात आहात. तारखा `=DATE(2022,6,5)` अशा लिहा, प्रश्नच मिटतो.

`#NUM!` दिसलं तर दोन गोष्टी बघा: एकही आकडा वजा नाही, किंवा पहिल्या ओळीच्या तारखेपेक्षा आधीची तारीख खाली कुठेतरी आली आहे. आणि एक्सेल कधी कधी उत्तर न सापडल्यावर 2.98E-09 असा आकडा देऊन टाकतो, जो टक्क्यांत ०.०० दिसतो. तो खरा शून्य परतावा समजू नका. तोट्यातल्या गुंतवणुकीत हे जास्त होतं. तिसऱ्या जागी -0.1 असा आपला अंदाज द्या, म्हणजे `=XIRR(B1:B37, A1:A37, -0.1)`, बहुधा मार्ग सापडतो.

मधे पैसे काढले असतील तर ते अधिक चिन्हाने, त्या त्या तारखेला. लाभांश बँकेत आला असेल तर तोही. मात्र तो परत त्याच योजनेत गुंतला असेल तर लिहायचा नाही, कारण तो तुमच्या खिशात आलाच नाही. एका योजनेतून दुसरीत स्विच केलं असेल तर त्या एका योजनेचा हिशेब करताना ते काढलेले पैसे मानायचे. सगळ्या गुंतवणुकीचा एकत्र हिशेब करताना ती ओळ दोन्हीकडून गाळायची. काही ॲप फक्त आज शिल्लक असलेल्या युनिटांचाच एक्सआयआरआर दाखवतात. तुम्ही मधे काही विकलं असेल तर ॲपचा आणि तुमचा आकडा जुळणार नाही, आणि त्यात कोणाचीच चूक नसेल. सगळ्या नोंदी फंडांचे हिशेब ठेवणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेक या कंपन्यांकडून मिळणाऱ्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये तारीखवार असतात. मी तेच प्रमाण धरतो.

आता एक्सआयआरआरच्या मर्यादा, कारण मी त्याची इतकी बाजू घेतली की तुम्ही रोज ॲप उघडून तोच आकडा बघत बसाल अशी भीती वाटते. पहिली म्हणजे कमी काळात तो भलताच फुगतो. एक लाखाचे तीस दिवसांत १,०४,००० झाले तर ॲब्सोल्यूट रिटर्न ४ टक्के, पण एक्सआयआरआर ६१ टक्के, कारण तो असं मानतो की वर्षभर दर महिन्याला हेच होत राहील. म्हणून एका वर्षाच्या आतल्या गुंतवणुकीला ॲब्सोल्यूट रिटर्नच बरा. तुमच्या वितरकांचा २० टक्क्यांचा आकडा तिथे शोभला असता.

दुसरी मर्यादा तुमच्याच आकड्यांवर दाखवतो. समजा ५ जूनला बाजार पाच टक्के खाली असता आणि किंमत २,१६,००० ऐवजी २,०५,२०० असती. पाच टक्क्यांची पडझड बाजारात दोन-तीन आठवड्यांतही होऊन जाते. एक्सआयआरआर तेव्हा १२.२ वरून ८.७ वर आला असता. पैशाचं सरासरी वय दीडच वर्ष असल्यामुळे शेवटच्या दिवसाच्या किमतीला फार जास्त वजन येतं. तेव्हा तीन वर्षांच्या एसआयपीवर ‘१२.२’ मधला तो दशांश अजिबात गांभीर्याने घेऊ नका. हाच आकडा दहा-बारा वर्षांनी बराच स्थिर होतो.

तिसरी गोष्ट, दोन योजनांचे एक्सआयआरआर १८ आणि ८ असतील तर एकूण १३ होईलच असं नाही. प्रत्येकीत किती पैसे आणि किती काळ होते यावर ते ठरतं. दोन्हींच्या ओळी एका शीटमध्ये तारखेप्रमाणे लावून पुन्हा काढावा लागतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो. एफडीचे ७ टक्के तिमाही चक्रवाढीने वर्षाला ७.१९ होतात, एक्सआयआरआर वार्षिक दर असल्यामुळे तुलना १२.२ आणि ७.१९ यांची. दोन्ही कर भरण्यापूर्वीचे आहेत. एफडीचं व्याज दर वर्षी तुमच्या उत्पन्नात मिळवून त्यावर कर लागतो. इक्विटी फंडात कर विकल्यावरच लागतो, आणि २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने एका वर्षावरच्या युनिटांच्या नफ्यातले वर्षाला सव्वा लाख करमुक्त, वरच्यावर साडेबारा टक्के. मात्र एसआयपीत हे ‘एक वर्ष’ प्रत्येक हप्त्याचं वेगळं मोजतात. तुमचे शेवटचे बारा हप्ते अजून एका वर्षाच्या आतले आहेत, त्यांचा नफा काढलात तर वीस टक्के कर.

पण बंद करायची की नाही, ते मी इथून सांगू शकत नाही. हे पैसे कधी लागणार आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही. पुढच्या वर्षी मुलीच्या प्रवेशासाठी लागणार असतील तर १२.२ असूनही मी थोडे थोडे काढून एफडीत न्यायला सांगेन, कारण वर सांगितलेली ती पाच टक्क्यांची घसरण नेमकी फी भरायच्या आठवड्यात येऊ शकते. दहा वर्षं लागणार नसतील तर ६.२७ हे कारण तर आता उरलेलंच नाही.

राहिला एकच प्रश्न, तुमची योजना बरी चालली आहे का? तो १२.२ वरून कळणार नाही. त्यासाठी एक सोपं काम करा. एखाद्या निफ्टी ५० इंडेक्स फंडाची तुमच्या छत्तीसही तारखांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, घ्या. ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर जुन्या एनएव्ही मिळतात, आणि ५ तारखेला सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवसाची घ्या. प्रत्येक वेळी ५,००० भागिले एनएव्ही म्हणजे तेवढी युनिटं. सगळी मिळवा आणि ५ जून २०२५ च्या एनएव्हीने गुणा. दोन्हीकडे तारखाही त्याच आणि रकमाही त्याच, त्यामुळे इथे एक्सआयआरआर काढायचीही गरज नाही, येणारी रक्कम थेट २,१६,००० शेजारी ठेवा. आलेला आकडा इथे लिहा, आणि योजना कोणत्या प्रकारची आहे तेही. स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांची, असेल तर निफ्टी ५० ऐवजी दुसरा निर्देशांक घ्यावा लागेल.